विश्लेषण : अनुभव शून्य असताना प्रोफाइलच्या ‘हेडलाइन’मध्ये लिहायचे काय?

अभियांत्रिकीचा शेवटचा पेपर झाला आणि कॅम्पस मुलाखतींत नाव लागले नाही, की बहुतेक जण लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल तयार करायला घेतात. नावाखाली एक ओळ भरायची असते. तेथे ‘मेकॅनिकल इंजिनीअर, फ्रेशर’ एवढे लिहून मुले पुढे जातात आणि नंतर फोटो कोणता लावायचा यावर तासभर घालवतात. चार महिने होतात, अर्ज शंभरावर जातात, पण समोरून स्वतःहून एकही संदेश येत नाही. यामागे अनेक कारणे असू शकतात, पण एक कारण दहा मिनिटांत तपासता येते. ते म्हणजे नावाखालची ती ओळ. ती कशी वाचली जाते आणि अनुभव नसताना ती खोटे न बोलता कशी भरायची, हे मेकॅनिकल शाखेच्या एका उदाहरणातून पाहू.

हेडलाइन नेमकी कुठे दिसते?

लिंक्डइनवर हेडलाइनसाठी 220 अक्षरांची मर्यादा आहे. ती केवळ तुमच्या प्रोफाइलवर दिसत नाही. कोणी शोध घेतला तर निकालांच्या यादीत नाव आणि फोटोसोबत ही ओळ समोर येते. तुम्ही एखाद्या पोस्टखाली प्रतिक्रिया लिहिली, कोणाला जोडणीची विनंती पाठवली, तरी तेथे नावासोबत हीच ओळ जाते. फोनच्या पडद्यावर यादीमध्ये ती पूर्ण मावत नाही. सुरुवातीचा भाग दिसतो आणि पुढे तीन टिंबे येतात.

ही ओळ तुम्ही स्वतः लिहिली नाही, तर शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या नोंदीवरून तेथे काहीतरी आपोआप भरले जाते. म्हणूनच असंख्य प्रोफाइलवर ‘अमुक महाविद्यालयात विद्यार्थी’ असे दिसते आणि पदवी मिळून वर्ष झाले तरी ते तसेच राहते.

नोकरी डॉट कॉमवर याच कामासाठी ‘रेझ्युमे हेडलाइन’ नावाचा वेगळा रकाना आहे. त्याची मर्यादा 250 अक्षरांची आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच, पण वाक्याची ठेवण वेगळी लागते. ते पुढे पाहू.

ही ओळ कोण वाचते?

या ओळीचे वाचक दोन आहेत. पहिला वाचक म्हणजे शोधयंत्र. कंपनीतील किंवा भरती संस्थेतील व्यक्ती शोधाच्या चौकटीत शब्द टाकते आणि ते शब्द ज्या प्रोफाइलमध्ये आहेत ती प्रोफाइल यादीत येतात. दुसरा वाचक म्हणजे ती व्यक्ती. ती यादीवरून बोट सरकवते आणि कोणावर थांबायचे हे ठरवते.

पुण्याजवळ शीट मेटलचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला डिझाइन विभागात नवा मुलगा किंवा मुलगी हवी आहे, असे धरू. भरती करणारी व्यक्ती साधारण असा शोध घेईल :

```
("Design Engineer" OR "CAD Engineer") AND SolidWorks AND "sheet metal" NOT manager
```

अवतरण चिन्हांतील शब्द सलग आले पाहिजेत, `OR` म्हणजे यापैकी एक तरी, `AND` म्हणजे दोन्ही हवेत आणि `NOT` म्हणजे हा शब्द असेल तर वगळा. आता ‘मेकॅनिकल इंजिनीअर, फ्रेशर, मेहनती, संधीच्या शोधात’ अशी ओळ असलेला मुलगा या यादीत येईल का? प्रोफाइलमध्ये इतरत्रही सॉलिडवर्क्सचा उल्लेख नसेल, तर येणार नाही. त्याला सॉलिडवर्क्स येत असले तरी यंत्राला ते कळण्याचा मार्ग नाही.

‘मेहनती’, ‘ध्येयवेडा’, ‘संधीच्या शोधात’ हे शब्द येथे निरुपयोगी ठरतात. भरती करणारे कोणी ‘मेहनती’ असा शब्द टाकून शोधत नाही. पदनामाचीही अडचण तशीच आहे. ‘मेकॅनिकल इंजिनीअर’ या शब्दाने शोधले, तर वीस वर्षांचा अनुभव असलेल्यांपासून कालच उत्तीर्ण झालेल्यांपर्यंत सगळे एकाच यादीत येतात. तो शब्द हवाच, पण एकटा पुरत नाही.

मग शब्द कुठून आणायचे?

शब्द स्वतःच्या डोक्यातून काढायचे नाहीत. ते कंपन्यांनी आधीच लिहून ठेवलेले असतात. कोठे? नोकरीच्या जाहिरातींत.

मिरजेचा एक विद्यार्थी उदाहरणादाखल घेऊ. 2025 मध्ये मेकॅनिकल शाखेतून बीई झाला. महाविद्यालयाच्या बाहा एसएई इंडिया संघात त्याने गाडीच्या रोल केजचे, म्हणजे चालकाभोवतीच्या नळ्यांच्या सांगाड्याचे काम केले. भोसरी एमआयडीसीतील एका प्रेस शॉपमध्ये दोन महिने इंटर्नशिप केली. सॉलिडवर्क्सची सीएसडब्ल्यूए ही प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण केली. त्याची हेडलाइन अशी आहे :

```
Mechanical Engineer | Fresher | Hardworking | Seeking a challenging opportunity
```

पहिली पायरी, त्याने एकच दिशा ठरवायची. डिझाइन, उत्पादन, गुणवत्ता तपासणी आणि देखभाल या चार वेगळ्या वाटा आहेत आणि प्रत्येकीचे शब्द वेगळे आहेत. गुणवत्तेच्या जाहिरातीत पीपीएपी, एफएमईए, सेव्हन क्यूसी टूल्स असे शब्द येतात. डिझाइनच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरची नावे आणि जीडी अँड टी येते. सगळ्या वाटांचे शब्द एका ओळीत कोंबले, तर वाचणाऱ्याला या मुलाला नेमके काय करायचे आहे हेच समजत नाही. आपला विद्यार्थी डिझाइन निवडतो.

दुसरी पायरी, त्याने पुणे, चाकण, तळेगाव भागातील डिझाइनच्या दहा जाहिराती उघडायच्या. शून्य ते एक वर्ष अनुभवाच्या घ्यायच्या. पाच वर्षे अनुभवाच्या जाहिरातीतील शब्द त्याच्या उपयोगाचे नाहीत. प्रत्येक जाहिरातीतील तांत्रिक शब्द वहीत उतरवायचा आणि तो पुन्हा आला की पुढे एक रेघ मारायची. तासाभराचे काम आहे. समजा, त्याच्या वहीत अशी मोजणी निघाली : ऑटोकॅड आठ जाहिरातींत, सॉलिडवर्क्स सातमध्ये, जीडी अँड टी सहामध्ये, शीट मेटल पाचमध्ये, कॅटिया व्ही 5 पाचमध्ये, अ‍ॅन्सिस दोनमध्ये. पदनाम म्हणून ‘डिझाइन इंजिनीअर’ सहा ठिकाणी आणि ‘जीईटी’, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी, चार ठिकाणी.

येथे शब्दाच्या लेखनाकडेही पाहायचे. एकाच गोष्टीची दोन नावे उद्योगात फिरत असतात. आजचे क्रिओ हे सॉफ्टवेअर पूर्वी प्रो-ई म्हणून ओळखले जाई आणि जुने लोक अजूनही तेच नाव लिहितात. एनएक्सला यूजी एनएक्स म्हणणारेही पुष्कळ आहेत. जाहिरातींत जे रूप जास्त वेळा दिसते, ते हेडलाइनमध्ये घ्यायचे आणि दुसरे रूप कौशल्यांच्या यादीत ठेवायचे.

यादीतील सगळे शब्द घ्यायचे का?

नाही. ही तिसरी पायरी आहे आणि सर्वात जास्त चुका येथेच होतात. प्रत्येक शब्दापुढे एक प्रश्न विचारायचा : या शब्दावर मुलाखतीत पहिला प्रश्न काय येईल आणि त्याचे उत्तर मी केलेल्या कामातून देऊ शकतो का?

जीडी अँड टी लिहिले की विचारले जाईल, ‘फ्लॅटनेस दाखवायला डेटम लागतो का?’ (लागत नाही.) शीट मेटल लिहिले की के-फॅक्टर काय असतो आणि बेंड अलाउन्स कसा काढतात, हे विचारले जाईल. रोल केज लिहिला की नळीचे मटेरियल, बाहेरचा व्यास आणि जाडी कोणती घेतली आणि तीच का, हा प्रश्न येणारच.

आपल्या विद्यार्थ्याची चाळणी अशी होते. सॉलिडवर्क्ससाठी प्रमाणपत्र आहे आणि रोल केजचे मॉडेल आहे, म्हणून ते राहते. ऑटोकॅडमध्ये इंटर्नशिपच्या काळात ड्रॉइंगमधले बदल त्याने स्वतः केले, तेही राहते. शीट मेटल प्रेस शॉपमध्ये रोज पाहिले, हाताळले, दोन ब्रॅकेट स्वतः मॉडेल केले, म्हणून राहते. जीडी अँड टीची प्राथमिक तयारी आहे, ड्रॉइंगवरील चिन्हे वाचता येतात, तेही चालेल. कॅटियाची मात्र महाविद्यालयात दोन दिवसांची कार्यशाळा झाली होती आणि त्यानंतर सॉफ्टवेअर उघडलेले नाही. अ‍ॅन्सिसचा एक व्हिडिओ अभ्यासक्रम अर्धवट पाहिला आहे. हे दोन्ही बाहेर.

पाच जाहिरातींत असलेला कॅटियासारखा शब्द सोडून देणे जिवावर येते. पण तो शब्द ठेवला, तर ज्या यादीत तो येईल तेथे त्याची गाठ कॅटियावर वर्षभर काम केलेल्यांशी पडेल. मुलाखतीच्या पाचव्या मिनिटाला पोकळपणा उघड झाला, की उरलेल्या खऱ्या शब्दांवरचाही विश्वास उडतो. कॅटियाची मागणी खरी असेल, तर त्याचा उपयोग पुढच्या दोन महिन्यांत काय शिकायचे हे ठरवण्यासाठी करायचा. जमले की मग तो शब्द ओळीत आणायचा.

पद मिळालेलेच नाही, तर पदनाम कसे लिहायचे?

शोधात ‘डिझाइन इंजिनीअर’ हा शब्द वापरला जातो, पण हा विद्यार्थी अजून डिझाइन इंजिनीअर झालेला नाही. ओळीच्या सुरुवातीलाच ‘डिझाइन इंजिनीअर’ लिहिले, तर तो सध्या त्या पदावर आहे असा अर्थ निघतो. यावर साधा उपाय आहे. पदवी ही ओळख म्हणून सुरुवातीला लिहायची आणि हवे असलेले पद शेवटी, हवे असलेले म्हणूनच लिहायचे. शब्द ओळीत येतो, शोधयंत्राला सापडतो आणि दावा खोटा होत नाही.

आता सगळे जोडल्यावर लिंक्डइनची ओळ अशी होते :

```
Mechanical Engineer, BE 2025 | SolidWorks (CSWA), AutoCAD, GD&T | Sheet Metal Design | Baja SAEINDIA roll cage | Open to Design Engineer / GET roles, Pune
```

ही 154 अक्षरे आहेत, म्हणजे मर्यादेच्या बऱ्याच आत. उरलेली जागा भरलीच पाहिजे असे नाही. यात शब्दांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. पहिल्या 48 अक्षरांत शाखा, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, मुख्य सॉफ्टवेअर आणि त्याचे प्रमाणपत्र येऊन जाते. फोनवर ओळ अर्धी कापली गेली, तरी मुख्य गोष्ट हाती राहते. रोल केजचा उल्लेख शोधासाठी फारसा कामाचा नाही, तो माणसासाठी आहे. यादीतील पंधरा सॉलिडवर्क्सवाल्यांत या मुलाने काहीतरी प्रत्यक्ष बनवले आहे, हे त्यातून कळते.

‘फ्रेशर’ हा शब्द येथे नाही, पण `BE 2025` आहे. आपल्याकडे नवोदितांची भरती ‘बॅच’नुसार होते. ‘2024 आणि 2025 बॅच’ अशा अटी जाहिरातींत सर्रास असतात. त्यामुळे वर्ष लिहिल्याने नवोदित असल्याचेही समजते आणि बॅचची अटही तपासता येते.

नोकरी डॉट कॉमसाठी हीच ओळ चालेल का?

चालेल, पण थोडी बदललेली बरी. तेथे भरती करणारे मुख्यतः रेझ्युमेच्या साठ्यात शोध घेतात आणि अनुभवाची वर्षे, शहर, रुजू होण्याचा कालावधी अशा गाळण्या लावतात. तेथील हेडलाइन वाक्यासारखी वाचली जाते. म्हणून उभ्या रेघांऐवजी छोटी वाक्ये लिहायची. ‘जीईटी’चे लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही द्यायचे, कारण काही जण एक टाकून शोधतात, काही दुसरे. ‘फ्रेशर’ हा शब्दही येथे मधोमध बसू शकतो.

```
BE Mechanical 2025 fresher with CSWA in SolidWorks, AutoCAD and GD&T. 2-month internship in sheet metal press tool shop, Bhosari. Looking for Design Engineer / Graduate Engineer Trainee (GET) in Pune, Chakan, Talegaon. Can join immediately.
```

ही 240 अक्षरे झाली. ‘लगेच रुजू होऊ शकतो’ हे येथे उपयोगी आहे, कारण नोकरीत असलेल्या उमेदवाराला सूचना कालावधी पूर्ण करावा लागतो. अनुभव नसलेल्याकडे असलेला हा एक खरा फायदा आहे.

दुसऱ्या शाखांचे काय?

पायऱ्या त्याच, शब्द वेगळे. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या मुलीला एम्बेडेडमध्ये जायचे असेल, तर नुसते ‘एम्बेडेड’ लिहून भागत नाही. कोणता मायक्रोकंट्रोलर आणि कोणते प्रोटोकॉल, हे जाहिरातीत नावानिशी असते. तिची ओळ अशी होऊ शकते :

```
E&TC Engineer, BE 2025 | Embedded C, STM32, I2C, SPI, CAN | Built battery monitoring board (final-year project) | Open to Embedded Engineer roles
```

संगणक शाखेत तर निवडीचा प्रश्न आणखी तीव्र आहे. तेथे चार भाषा आणि सहा फ्रेमवर्क लिहिण्याचा मोह होतो. जावा, स्प्रिंग बूट आणि मायएसक्यूएल हे एकत्र मागितले जाणारे शब्द आहेत. त्यांच्याशेजारी पायथॉन, मशीन लर्निंग, अँड्रॉइड आणि युनिटी आले, की पहिले तीन शब्दही वरवरचे वाटू लागतात. ज्या तीन-चार शब्दांनी एक पूर्ण प्रकल्प बनला, तेवढेच ठेवणे बरे.

कोणत्या चुका हमखास होतात?

पहिली चूक नजरेला दिसत नाही. ओळ उठून दिसावी म्हणून काही जण संकेतस्थळावरून ‘ठळक अक्षरे’ तयार करून चिकटवतात. ती अक्षरे ठळक केलेली नसतात, ती वेगळीच चिन्हे असतात. आपण टंकतो त्या `A` चा युनिकोड क्रमांक `U+0041` आहे. त्या सजवलेल्या अक्षराचा क्रमांक `U+1D400` असतो आणि ते गणिती चिन्हांच्या गटातले असते. शोधयंत्राने दोन्ही एकच मानली नाहीत, तर डोळ्यांना ‘सॉलिडवर्क्स’ दिसत असूनही शोधात तो शब्द तेथे नसतोच. दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ती अक्षरे नीट वाचता येत नाहीत. ओळ साध्या अक्षरांत टंकायची.

दुसरी चूक म्हणजे कंपनीच्या नावाचा आधार. एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाचे ऑनलाइन प्रमाणपत्र मिळाले, की हेडलाइनमध्ये त्या कंपनीत ‘इंटर्न’ असल्याचे लिहिले जाते. अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि तेथे काम करणे वेगळे आहे. पार्श्वभूमी तपासणीत हे निघाले, तर हातात आलेले नियुक्तिपत्रही जाऊ शकते. प्रमाणपत्र हे प्रमाणपत्रांच्या रकान्यातच शोभते.

तिसरी चूक म्हणजे फोन क्रमांक. हेडलाइन कोणालाही दिसते. ‘नोकरीच्या शोधात’ आणि शेजारी मोबाइल क्रमांक, हे फसवणूक करणाऱ्यांना आमंत्रण आहे. नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाची अनामत, लॅपटॉपची अनामत अशा नावांनी पैसे मागणारे फोन नवोदितांनाच येतात. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. क्रमांक रेझ्युमेत असतोच, तो या ओळीत नको.

ओळ बदलली, आता परिणाम झाला हे कसे ओळखायचे?

लिंक्डइनच्या स्वतःच्या प्रोफाइलवर आकडेवारीचा एक भाग असतो. तेथे ‘सर्च अपीअरन्सेस’, म्हणजे तुम्ही शोधात किती वेळा आलात, आणि ‘प्रोफाइल व्ह्यूज’, म्हणजे किती जणांनी प्रोफाइल उघडली, हे दोन आकडे दिसतात. जुनी ओळ बदलण्यापूर्वी हे दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवायचे. मग ओळ बदलायची आणि दोन-तीन आठवडे थांबायचे. त्या काळात बाकी काही बदलायचे नाही, नाहीतर कशामुळे काय झाले हे कळणार नाही.

नंतर आकडे असे वाचायचे. शोधात येण्याचा आकडा हललाच नाही, तर शब्द चुकले आहेत किंवा लोक शोधतात त्या रूपात ते नाहीत. पुन्हा जाहिरातींकडे जायचे. शोधात येण्याचा आकडा वाढला पण प्रोफाइल कोणी उघडत नाही, तर शब्द बरोबर आहेत, पण माणूस थांबत नाही. ओळीची सुरुवात तपासायची आणि प्रत्यक्ष केलेल्या कामाचा तुकडा पुढे आणायचा. प्रोफाइल उघडली जाते पण संदेश येत नाही, तर हेडलाइनचे काम झाले आहे. आत गेल्यावर त्या शब्दांचा पुरावा सापडत नाही, असा त्याचा अर्थ. शोधणाऱ्यांची माहितीही तेथे थोडीफार दिसते. विमा विक्री आणि दूरध्वनी केंद्रांचीच माणसे तुम्हाला शोधत असतील, तर ओळ फार ढोबळ आहे.

हेडलाइनने काय होत नाही?

तिच्या मर्यादा स्पष्ट आहेत. भरती करणाऱ्यांच्या सशुल्क साधनांत पदनामाची गाळणी असते आणि ती मुख्यतः अनुभवाच्या रकान्यातील नोंदींवर चालते. हेडलाइनमध्ये कितीही लिहिले आणि अनुभवाचा रकाना रिकामा ठेवला, तर त्या गाळणीतून तुम्ही बाहेर पडता. म्हणून दोन महिन्यांची इंटर्नशिप ‘डिझाइन इंटर्न’ किंवा प्रत्यक्षात जे नाव दिले गेले असेल त्या नावाने, तारखांसह, अनुभवाच्या रकान्यात टाकायची. रोल केजचे काम प्रकल्पांच्या रकान्यात, दोन छायाचित्रे आणि चार ओळींसह टाकायचे.

ठिकाणाचेही तसेच. आपल्या विद्यार्थ्याने हेडलाइनमध्ये ‘पुणे’ लिहिले, पण प्रोफाइलचे ठिकाण मिरज असेल, तर पुण्याची गाळणी लावणाऱ्याला तो दिसेलच असे नाही. लिंक्डइनच्या ‘ओपन टू वर्क’ या सोयीत हवी असलेली पदे आणि शहरे वेगळी भरता येतात. तेथे पुणे आणि ‘डिझाइन इंजिनीअर’ ही नोंद केली पाहिजे. ती फक्त भरती करणाऱ्यांना दिसावी की सर्वांना, हेही निवडता येते.

आणि कॅम्पसमधून होणाऱ्या भरतीत या ओळीला फारसे महत्त्व नसते. तेथे यादी महाविद्यालय देते आणि गाळणी गुण व चाचणीची असते. हेडलाइनचा उपयोग कॅम्पसबाहेरच्या वाटेवर आहे, जेथे तुमचे नाव कोणी पुढे करत नाही आणि सापडायचे असते ते शब्दांनीच.

आज काय करायचे?

फोनवर प्रोफाइल उघडा, नावाशेजारच्या पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी द्या. जुनी ओळ कॉपी करून जपून ठेवा. दहा जाहिरातींची मोजणी झाली नसेल, तर नवी ओळ आत्ताच लिहू नका, आधी वही उघडा. ओळ तयार झाली की शाखेतीलच एखाद्या मित्राला फक्त पहिली पन्नास अक्षरे वाचून दाखवा आणि विचारा, ‘हा मुलगा काय काम करू शकेल?’ त्याला एका वाक्यात उत्तर देता आले, तर ‘सेव्ह’ दाबायला हरकत नाही.